तक्त्यातला माणूस आणि माझी पाठ

जिमखान्याच्या भिंतीवर योगासनांचा एक जुना तक्ता आहे. चोवीस छायाचित्रे, प्रत्येकाखाली आसनाचे नाव. बारावीची दोन वर्षे बाकावर आणि चटईवर वाकून काढल्याने माझी पाठ लाकडासारखी झाली होती. तीन तासांच्या पेपरात मला दोनदा उठून उभे राहावे लागले, तेव्हा ठरवले की रोज सकाळी हा तक्ता गिरवायचा. हिशेब सोपा वाटला: चोवीस आसने, प्रत्येकी अर्धा मिनिट, बारा मिनिटांत काम फत्ते!

पहिल्याच सकाळी अंथरुणातून उठलो आणि तक्त्यातले दुसरे चित्र, पादहस्तासन, करायला गेलो. कमरेत अशी चमक भरली की त्या दिवशी चपलेचा पट्टा मित्राने लावून दिला. आमच्या क्रीडाशिक्षकांना सांगितले, तर ते हसून म्हणाले, "अरे, चित्र शेवटच्या क्षणाचं असतं. तिथवर जायचा रस्ता त्यात नाही, आणि परत यायचाही नाही."

माझ्या चुका दोन होत्या. पहिली वेळेची. रात्री आडवे असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपली उंचीही किंचित जास्त भरते. अशा फुगलेल्या चकत्यांवर पुढे वाकण्याचा ताण अधिक पडतो. उठल्यानंतर तासाभरात हा फुगवटा बराचसा उतरतो. तेव्हा मी सहाला उठतो, तोंड धुऊन अंगणात फेऱ्या मारतो आणि साडेसहाला चटईवर येतो. उभ्याने पुढे वाकणे मात्र सकाळच्या यादीतून काढूनच टाकले.

दुसरी चूक हिशेबाची. मी आसन धरण्याचाच वेळ मोजला होता. आसनात जाणे, सोडणे आणि मध्ये विसावणे धरलेच नव्हते. शिवाय घड्याळाकडे पाहायला मान वळवली की आसन मोडते. त्यावर उपाय श्वासाचा. संथ श्वास सुमारे पाच सेकंदांचा धरला, तर चार श्वास म्हणजे वीस सेकंद, सहा म्हणजे अर्धा मिनिट.

मग तक्त्यावर काट मारली. हलासन, सर्वांगासन, धनुरासन, चक्रासन ही ताठ पाठीच्या नवशिक्याची आसने नव्हेत. उरलेल्यांतून वीस मिनिटांचा क्रम बसला तो असा.

पहिली दोन मिनिटे गुडघे उभे ठेवून उताणे पडायचे. मग तीन मिनिटे एका पायाचे पवनमुक्तासन: चित्रातल्यासारखे डोके न उचलता, प्रत्येक पाय तीनदा, चार-चार श्वास. त्यानंतर दोन मिनिटांत मार्जारासनाच्या दहा संथ फेऱ्या. यात पाठ थोडी वर, थोडी खाली होते, कुठेही ताणत नाही. पुढची दोन मिनिटे भुजंगासन. पण हात ताठ न करता कोपरे जमिनीवर टेकवून, तीन श्वास धरायचे, तेवढेच विसावायचे, असे चारदा.

पश्चिमोत्तानासनाच्या जागी मी पंचा घेतला. चित्रातल्या गृहस्थाची पाठ फळीसारखी सपाट होती. माझी बैलगाडीच्या टपासारखी गोल होई. म्हणजे मी खुब्यातून वाकतच नव्हतो. मांडीमागचे स्नायू आखडले की ते बैठकीचे हाड मागे खेचून धरतात आणि सारा बाक कमरेत येतो. म्हणून उताणे पडून, एक गुडघा उभा ठेवून, दुसऱ्या पायाच्या तळव्याला पंचा अडकवायचा आणि तो पाय वर उचलायचा. गुडघा वाकू लागला की तिथेच थांबायचे. प्रत्येक पाय तीनदा, सहा-सहा श्वास. मधली अदलाबदल धरून चार मिनिटे होतात. कंबर जमिनीला टेकलेली असल्याने तिच्यावर भार येत नाही.

मग दोन मिनिटे वक्रासन, घडी घातलेल्या सतरंजीवर बसून, आणि अखेरची पाच मिनिटे शवासन. घाई झाली, तर मी एखादे आसन वगळतो; श्वास कमी करत नाही.

ताण आणि दुखणे यांतला फरक कळायला हवा. मांडीच्या मध्यभागी ओढ लागते ती चालेल. कळ कुल्ल्यातून पायात उतरली, मुंग्या आल्या किंवा पाय बधिर वाटला, तर आसन सोडून डॉक्टरांकडे जावे. तो तक्त्याचा विषय नव्हे. आणि दुसऱ्या सकाळी पाठ आदल्या दिवसापेक्षा अधिक आखडली, तर फेऱ्या निम्म्या कराव्यात. माझ्यावर तशी पाळी दोनदा आली.

सहा आठवडे झाले. पंचातला पाय पहिल्या दिवशी जमिनीपासून जेमतेम निम्म्या काटकोनापर्यंत येई. आता काटकोनाला थोडाच कमी पडतो. सत्रपरीक्षेत तीन तास न उठता बसलो. तक्त्यातला माणूस अजूनही कपाळ गुडघ्याला टेकवून बसलेला आहे. मी त्याच्याकडे पाहतो, पण त्याची घाई करत नाही; चपलेचा पट्टा माझा मी लावतो.