कोटेशनसोबतचं पत्र आधी वाचा

इंटिरियर डिझायनरच्या कोटेशनमध्ये आकडे असतात. ते आकडे कशाचे, हे सोबतच्या पत्रात असतं. समजा, दोन बेडरूमच्या फ्लॅटचं काम ६ लाखांचं आहे. सात फूट रुंद, सात फूट उंच कपाट म्हणजे ४९ चौरस फूट. १,४०० रुपये दराने ६८,६०० रुपये. या दरात आतले ड्रॉवर, बिजागऱ्या आणि जीएसटी धरले आहेत का, हे पत्रात स्पष्ट हवं. नाहीतर तीच रक्कम पुढे ‘एक्स्ट्रा’ म्हणून येते.

‘वॉटरप्रूफ प्लाय’ एवढंच लिहिलेलं पुरत नाही. सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० प्रतीचा प्लाय, असा उल्लेख मागा आणि माल आल्यावर प्रत्येक शीटवरचा शिक्का बघा. लॅमिनेट चढलं की आतलं काही दिसत नाही.

पैशांचे हप्ते तारखेला नव्हे, कामाला बांधलेले असावेत. बुकिंगला ६० हजार, प्लाय साइटवर आल्यावर २ लाख ४० हजार, सुतारकाम संपल्यावर तेवढेच आणि राहिलेली दुरुस्ती पूर्ण झाल्यावर शेवटचे ६० हजार. हा शेवटचा हप्ता हातात ठेवला, तर घासणारा ड्रॉवर दुरुस्त करायला सुतार परत येतो.

‘साठ दिवसांत काम पूर्ण’ हे दिवस सहसा ड्रॉइंग मंजूर होऊन अ‍ॅडव्हान्स मिळाल्यापासून मोजतात. तुम्ही लॅमिनेटचा रंग ठरवायला दहा दिवस लावलेत, तर तारीखही तेवढी पुढे जाते.