चोवीस प्रश्नांची चाळणी

मुंबई-पुण्यात अमराठी प्रौढांसाठी संध्याकाळचे मराठीचे वर्ग चालतात. बदली होऊन आलेले बँकेतले अधिकारी, संगणक कंपन्यांतले तरुण, लग्न होऊन मराठी घरात आलेल्या सुना असे सगळे तिथे एकाच दिवशी नाव नोंदवतात. ‘मराठी किती येते?’ असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच असतं, ‘थोडी थोडी.’ पण लखनौहून येऊन दहा वर्षं अंधेरीत राहिलेल्या माणसाची थोडी मराठी आणि चेन्नईत पुस्तकावरून शिकून आलेल्या बाईंची थोडी मराठी या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दोघांना कोणत्या वर्गात बसवायचं हे ठरवण्यासाठी पहिल्या दिवशी व्याकरणाची एक छोटी चाचणी घेतात. ती नीट बांधलेली नसेल तर महिनाभर अर्धा वर्ग कंटाळतो आणि उरलेला अर्धा धापा टाकतो.

वार्षिक परीक्षा आणि ही चाचणी यांचं काम वेगळं आहे. परीक्षेत शिकवलेलं किती आलं ते मोजायचं असतं. इथे अजून काहीच शिकवलेलं नाही. शिकणाऱ्याच्या डोक्यात मराठीचा कोणता नियम बसला आहे आणि कोणता नाही, एवढंच काढून घ्यायचं असतं. म्हणून प्रश्न लिहिताना बरोबर उत्तराइतकाच चुकीच्या उत्तराचा विचार करावा लागतो.

सामान्यरूपाचंच पाहू. शब्दयोगी अव्यय किंवा प्रत्यय लागण्याआधी मराठी नाम आपलं रूप बदलतं: झाड, पण झाडावर, पाणी, पण पाण्यात. हा नियम येतो का ते तपासायला कुणी ‘ती ____ बसली (खुर्ची)’ असा प्रश्न घातला तर तो वाया गेला. ‘खुर्चीवर’ लिहिताना नाम बदलतच नाही, त्यामुळे नियम माहीत नसलेलाही बरोबर लिहितो. त्याऐवजी ‘शाळा’ घेतली तर चुका बोलू लागतात. ‘शाळात’ लिहिणाऱ्याला प्रत्यय ठाऊक आहे, सामान्यरूप ठाऊक नाही. ‘शाळ्यात’ लिहिणारा एक पायरी पुढे आहे: नाम बदलतं हे त्याला कळलं आहे, पण ‘डबा–डब्यात’ या पुल्लिंगी साच्यात त्याने स्त्रीलिंगी शब्द घातला आहे. ‘शाळेत’ लिहिणाऱ्याला दोन्ही येतं.

की येत नाही? ‘शाळेत’ हा शब्द कानावर इतक्यांदा पडतो की नियम न कळताही तो तोंडात बसतो. इथे एक जुनी युक्ती उपयोगी पडते. अमेरिकन भाषाभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या अभ्यासात एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला ‘वग’ असं बनावट नाव दिलं आणि असे दोन असतील तर काय म्हणाल, असं विचारलं. शब्द कुणी ऐकलेलाच नव्हता, त्यामुळे उत्तर आलं तर ते नियमातूनच येणार. मराठीत हेच करता येतं. ‘ही मोठी गिमा आहे. पुस्तकं ____ ठेव.’ इथे ‘गिमेत’ यायला हवं. पुढच्या प्रश्नात ‘हा मोठा गिमा आहे’ असं लिहिलं की ‘गिम्यात’ यायला हवं. शब्द एकच, बदललं फक्त लिंग. ज्याला दोन्ही जमलं त्याच्या सामान्यरूपाबद्दल शंका घ्यायचं कारण उरत नाही. बनावट शब्द असल्याचं विद्यार्थ्यांना आधी सांगावं, नाहीतर ते शब्दार्थ आठवत बसतात. आणि असे प्रश्न दोनच पुरेत, कारण जास्त झाले की चाचणी कोडी घातल्यासारखी वाटू लागते.

दुसरा कस लागतो तो भूतकाळात. ‘मी आंबा खाल्ला’, पण ‘मी पोळी खाल्ली’. क्रियापद खाणाऱ्याकडे बघत नाही, खाल्लेल्या वस्तूकडे बघतं. हिंदीतही असंच असल्याने लखनौकरांना ही रचना ओळखीची वाटते. तमिळमध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं, म्हणून चेन्नईच्या बाई स्वाभाविकपणे ‘मी पोळी खाल्ले’ म्हणतात. हे तपासायला ‘मी चहा ____ (घे)’ असा प्रश्न दिला आणि लखनौच्या गृहस्थांनी ‘घेतली’ लिहिलं, तर त्यांचं नेमकं काय चुकलं? रचना त्यांना येते. हिंदीतली ‘चाय’ स्त्रीलिंगी असल्यामुळे त्यांनी मराठी चहालाही तेच लिंग दिलं. एका प्रश्नात दोन गोष्टी गुंतल्या की चूक कशाची ते सांगता येत नाही. उपाय अगदी छोटा आहे: ‘मी तो चहा ____’ असं लिहायचं. ‘तो’ने लिंग सांगून टाकलं, आता प्रश्न फक्त क्रियापदाचा उरला. लिंग येतं का हे पाहायला वेगळे प्रश्न घालावेत.

क्रियापद निवडतानाही जपावं लागतं. ‘घे’ऐवजी ‘पी’ दिलं तर ‘प्यालो’, ‘प्यायला’, ‘पिला’ अशी अनेक रूपं समोर येतात आणि तपासणाऱ्या शिक्षकांतच वाद होतो. ‘मीराने पुस्तक ____ (वाच)’ याला ‘वाचलं’ आणि ‘वाचले’ ही दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, एक बोलण्यातलं आणि एक लेखी वळणाचं. म्हणून कोणताही प्रश्न विद्यार्थ्यांपुढे जाण्याआधी वेगवेगळ्या भागांतल्या पाच-सहा मराठी माणसांकडून सोडवून घ्यावा. त्यांचं एकमत झालं नाही तर एकतर सगळी मान्य उत्तरं आधीच लिहून ठेवावीत किंवा तो प्रश्न सोडून द्यावा.

प्रश्न जमले की मांडणी. समजा, सहा गट केले: साधा वर्तमानकाळ, लिंग, सामान्यरूप, भूतकाळ, ‘नको-नाही-नये’ आणि ‘जो-तो’ची जोडवाक्यं. प्रत्येक गटात चार प्रश्न, एकूण चोवीस. गटांचा क्रम वर्गात शिकवण्याच्या क्रमाप्रमाणे ठेवायचा, म्हणजे निकाल सरळ धड्यांशी जोडता येतो. एका गटात चारच का? तीन पर्यायांचा एकच प्रश्न असेल तर डोळे मिटून खूण करणाराही तीनातून एकदा बरोबर येतो. चारपैकी तीन बरोबर आले तरच तो गट ‘आला’ असं धरलं, तर नुसत्या अंदाजाने पार होण्याची शक्यता नवातून एकावर येते. पर्याय न देता गाळलेल्या जागा दिल्या तर ती आणखी कमी होते. पहिल्या तुकडीला गाळलेल्या जागाच द्याव्यात. त्यांनी लिहिलेल्या खऱ्या चुका पुढच्या वर्षी पर्याय म्हणून वापरता येतात, आणि त्या शिक्षकाने टेबलाशी बसून रचलेल्या चुकांपेक्षा फार चांगल्या असतात.

आता ते दोघे पुन्हा पाहू. समजा, दोघांनाही चोवीसपैकी तेरा गुण मिळाले. नुसती बेरीज पाहिली तर दोघे सारखे. पण लखनौच्या गृहस्थांचे गुण गटांच्या क्रमाने ३, १, १, ४, १, ३ असे आहेत, आणि चेन्नईच्या बाईंचे ४, ३, ४, १, १, ०. बाईंच्या गुणांचा जिना नीट उतरतो: सुरुवातीचे तीन गट पक्के, पुढचे कच्चे. सामान्यरूप त्यांना लवकर उमगलं यात नवल नाही, कारण तमिळमध्येही ‘मरम्’ म्हणजे झाड या शब्दाला प्रत्यय लागताना ‘मरत्तिल्’ असं रूप होतं. त्यांना दुसऱ्या पातळीत, भूतकाळाच्या धड्यापाशी बसवायचं. गृहस्थांचा जिना मात्र मधेच तुटलेला आहे. भूतकाळ आणि जोडवाक्यं हिंदीच्या बळावर जमली, पण लिंग आणि सामान्यरूप ही पहिल्या पातळीची कामं राहून गेली.

गुणांचा असा जिना पाहण्याची पद्धत समाजशास्त्रज्ञ लुई गटमन यांनी १९४० च्या दशकात मांडली. सोपं ते कठीण असे प्रश्न आडवे लावायचे, गुणांच्या क्रमाने माणसं उभी लावायची आणि बरोबर-चूकच्या खुणांचा तक्ता पाहायचा. जिना बहुतेकांच्या बाबतीत उतरत असेल तर क्रम खरा आहे. एखाद्याचाच तुटत असेल तर त्या माणसाशी बोलायला हवं. एका विशिष्ट मातृभाषेच्या सगळ्यांचाच एकाच ठिकाणी तुटत असेल तर मातृभाषेचा हात दिसतो, आणि त्या विद्यार्थ्यांसाठी गटांचा क्रम वेगळा धरावा लागतो.

नियमावर बोट ठेवलं तर गृहस्थ पहिल्या पातळीत जातील, आणि दुसऱ्याच दिवशी यायचे बंद होतील, कारण तिथे ‘माझं नाव अमुक’ चाललेलं असेल आणि ते रोज भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करतात. अशांसाठी पाच मिनिटांच्या तोंडी गप्पा अनिवार्यच आहेत. त्यात ते सलग बोलू शकले तर त्यांना दुसऱ्या पातळीत घ्यावं, आणि लिंग व सामान्यरूपाच्या तीन-चार जादा तासिका वेगळ्या द्याव्यात. युरोपात २००१ साली आलेली भाषापातळ्यांची चौकट, ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्यांची, माणूस भाषेत काय काय करू शकतो यावर उभी आहे, किती नियम येतात यावर नाही. व्याकरणाच्या चाचणीने अशी पातळी छापून देणं म्हणूनच चूक आहे. ती फक्त या वर्गातली जागा सांगते.

लिपीचंही ध्यान ठेवावं. तमिळ किंवा मल्याळी माणसाला देवनागरी सावकाश वाचता येत असेल तर चाचणी व्याकरणाऐवजी वाचनाचा वेग मोजते. प्रत्येक वाक्य शिक्षकाने दोनदा मोठ्याने वाचलं आणि घड्याळ लावलं नाही की हा दोष बराचसा जातो.

तुकडी संपली की उत्तरपत्रिका फेकून देऊ नयेत. तीस जण असतील तर वरचे दहा आणि खालचे दहा बाजूला काढावेत आणि प्रत्येक प्रश्न दोन्हीकडे कितींना जमला ते मोजावं. चांगला प्रश्न वरच्यांना जास्त जमतो. कधीकधी उलटं होतं. ‘मी चिठ्ठी ____ (विसर)’ या प्रश्नात वरच्या दहांतले बरेच ‘विसरली’ लिहितात आणि खालच्यांतले ‘विसरलो’ किंवा ‘विसरले’ लिहून गुण घेऊन जातात. हुशारांनी नुकताच कळलेला नियम लावला. पण विसरणं, शिकणं, बोलणं ही क्रियापदं त्याला अपवाद आहेत आणि भूतकाळातही कर्त्याप्रमाणे चालतात. ज्याला नियमच माहीत नाही तो इथे आपोआप बरोबर येतो. असा प्रश्न पातळी ठरवणाऱ्या चाचणीतून काढावा आणि वरच्या वर्गाच्या सरावात घालावा.

शेवटची तपासणी दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस होते. प्रत्येक शिक्षकाला एकच गोष्ट विचारायची: तुमच्या वर्गात चुकीच्या ठिकाणी बसलेलं कोण आहे? नावं बहुधा ज्यांचा एखादा गट एका गुणाने हुकला किंवा साधला त्यांची निघतात, आणि तसं असेल तर फारशी काळजी नाही. दोन वर्गांत त्यांची अदलाबदल करून काम भागतं. पण सगळे गट पक्के असलेला कुणी तिसऱ्या वर्गात चाचपडताना किंवा सगळे कच्चे असलेला कुणी पहिल्या वर्गात सहज बोलताना दिसला, तर त्याची उत्तरपत्रिका घेऊन बसावं आणि कोणत्या प्रश्नांनी फसवलं ते एकेक करून शोधावं. पुढच्या तुकडीच्या चाचणीत आधी तेच प्रश्न बदलायचे असतात.