शेंगदाणे देऊ?

वाण्याच्या दुकानात अर्धा किलो साबुदाणा मागितला की पुडी बांधता बांधता तो विचारतो, "शेंगदाणे देऊ?" गिऱ्हाईक कधी "अरे हो, द्या" म्हणतं, तर कधी "आहेत घरी". एवढ्यावर संवाद संपतो. सुपरमार्केटमध्ये हा प्रश्न विचारायला कोणी नसतं, म्हणून तो रॅकच्या मांडणीने विचारावा लागतो. साबुदाण्याशेजारी शेंगदाणे दिसले की आठवण होते. पण दुकानात पाच हजार वस्तू असतील तर कोणाच्या शेजारी कोणाला बसवायचं, हे कसं ठरवायचं? त्यासाठी ग्राहकांची बिलं चाळण्याची जी पद्धत आहे, तिला 'बास्केट ॲनॅलिसिस' म्हणतात. एका बिलावरच्या सगळ्या वस्तू म्हणजे एक टोपली, आणि कोणत्या वस्तू वारंवार एकाच टोपलीत पडतात ते मोजायचं.

बारकोड आल्यानंतर प्रत्येक बिल वस्तूंसकट संगणकात साठू लागलं, तेव्हा हे शक्य झालं. १९९३ साली आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या अल्माडेन संशोधन केंद्रातून राकेश अग्रवाल, टोमाझ इमिएलिन्स्की आणि अरुण स्वामी यांनी या विषयावरचा पायाभूत निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी ही मोजणी झपाट्याने करण्याची 'अप्रायोरी' नावाची रीत मांडली. तिच्यामागची कल्पना साधी आहे. भगर मुळातच फार थोड्या बिलांत असेल, तर भगर आणि दुसरं काहीही ही जोडी त्याहून जास्त बिलांत असूच शकत नाही. मग त्या जोड्या मोजायच्याच कशाला? १६९ प्रकारच्या वस्तूंच्या १४,१९६ जोड्या होतात आणि तिकड्या ७ लाख ९० हजारांवर जातात. त्यामुळे ही छाटणी फार उपयोगी पडते.

१६९ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. या विषयाच्या अभ्यासकांना 'ग्रोसरीज' नावाचा एक नमुना चांगला परिचयाचा आहे. एका साध्याशा सुपरमार्केटच्या एका महिन्याच्या ९,८३५ बिलांच्या या नोंदी हॅस्लर, हॉर्निक आणि रॉयटरर या संशोधकांनी सर्वांसाठी खुल्या केल्या. त्यात ब्रँडची नावं नाहीत. दूध, दही, पाव, इतर भाज्या असे १६९ प्रकार आहेत. ही युरोपीय धाटणीची टोपली आहे, साबुदाण्याची नाही. पण गणित सगळीकडे सारखंच असतं.

या बिलांत साय न काढलेलं दूध २,५१३ वेळा आलं आहे, म्हणजे दर चार बिलांमागे एकदा. 'इतर भाज्या' १,९०३ बिलांत आहेत. दोन्ही एकत्र ७३६ बिलांत. शंभर बिलांत ही जोडी साधारण साडेसात वेळा दिसते. याला 'सपोर्ट' म्हणतात. भाजी घेणाऱ्या १,९०३ जणांपैकी ७३६ जणांनी, म्हणजे सुमारे ३९ टक्क्यांनी, दूधही घेतलं, हा 'कॉन्फिडन्स'.

इथे बरेच जण फसतात. ३९ टक्के वजनदार वाटतात, पण दूध तर कोणीही घेतंच. त्याच नमुन्यातली बाटलीतली बिअर घ्या. ती ७९२ बिलांत आहे आणि त्यातल्या २०१ बिलांत दूधही आहे. "बिअर घेणाऱ्या दर चौघांतला एक दूध घेतो," असा मथळा यावरून सहज होईल. पण दुकानात येणाऱ्या कुठल्याही चौघांतला एक दूध घेतोच! बिअर आणि दुधाचा काही संबंध नसता तरी ७९२ पैकी साधारण २०२ बिलांत दूध सापडलं असतं. सापडलं २०१ मध्ये. म्हणजे संबंध शून्य.

म्हणून तिसरं माप लागतं, 'लिफ्ट'. निव्वळ योगायोगाने जितक्या बिलांत जोडी दिसायला हवी, त्याच्या किती पट दिसली? बिअर-दुधाची लिफ्ट जवळपास १, म्हणजे काही नातं नाही. भाजी-दुधाची योगायोगाने ४८६ बिलं झाली असती, प्रत्यक्षात ७३६ झाली, लिफ्ट दीडपट. आणि कडक मद्य व बाटलीतली बिअर यांची जोडी योगायोगाने नऊ बिलांत दिसायला हवी होती, ती ४६ बिलांत आहे; लिफ्ट पाचपटीहून जास्त.

मग बिअर आणि मद्य शेजारी ठेवायचं, हाच निष्कर्ष ना? बहुतेक अहवाल इथेच थांबतात. लिफ्टच्या उतरत्या क्रमाने यादी लावायची, वरच्या दहा जोड्या व्यवस्थापकाच्या हाती द्यायच्या आणि मोकळं व्हायचं. मला हे चुकीचं वाटतं. ज्यांनी दोन्ही वस्तू घेतल्या, त्यांना मांडणीची गरजच पडली नाही. त्यांनी शोधून घेतल्या. वाणी "शेंगदाणे देऊ?" असं विचारतो ते साबुदाणा घेऊन शेंगदाणे न मागणाऱ्याला. मांडणीची कमाईसुद्धा त्याच माणसाकडून होणार असते. म्हणून जोडीतून उरलेली बिलं मोजायला हवीत.

मद्य महिन्याभरात फक्त १०९ बिलांत आहे. त्यातल्या ४६ जणांनी बिअर घेतलीच. उरले ६३. मांडणी बदलल्यावर त्यांतल्या दर दहांतल्या एकाने बिअर उचलली असं धरलं, तरी महिन्याला सहा बाटल्या वाढतील. त्यासाठी रॅक हलवायचं, लेबलं बदलायची, माणूस लावायचा! उलट भाजी घेऊन दूध न घेणारी १,१६७ बिलं आहेत. त्याच हिशेबाने ११६-११७ जादा विक्री होते, आणि तीही लिफ्ट जेमतेम दीड असताना. दहांतला एक हे माझं गृहीत आहे, ते पाव टक्का धरा की दुप्पट. दोन जोड्यांमधली तफावत तीच राहते. दुधाला शीतपेटी लागते आणि भाजीच्या टोपल्यांजवळ ती बसवायची का, हा खर्चाचा प्रश्न आहेच. शिवाय आज दूध न घेणारा ते उद्या घेणारच असेल, तर ही विक्री वाढली नाही, नुसती एक दिवस अलीकडे आली.

उंच लिफ्टबद्दल दुसरी सावधगिरी. याच नमुन्यात झटपट खाद्यपदार्थ आणि सोडा एकत्र घेणाऱ्यांमध्ये बर्गरचं मांस घेण्याचं प्रमाण योगायोगाच्या १९ पट आहे. ऐकायला जबरदस्त. पण झटपट पदार्थ आणि सोडा ही जोडीच मुळात १९ बिलांत आहे आणि त्यातल्या १२ बिलांत मांस आहे. महिन्यातली बारा बिलं! तीनच गट दर शनिवारी पार्टीचं सामान नेत असतील तरी आकडा इथवर येईल. लाखो तिकड्या तपासल्या की काही निव्वळ नशिबानेही चमकणारच. ओळखण्याचा उपाय सोपा आहे: पुढच्या महिन्याची बिलं घ्या आणि तीच जोडी पुन्हा दिसते का पाहा. न दिसणारी जोडी सोडून द्या.

आपल्याकडच्या दुकानात आणखी एक सापळा असतो, महिन्याच्या यादीचा. समजा दहा बिलं आहेत. पाच बिलं पगार झाल्यावर भरलेल्या महिन्याच्या किराण्याची; प्रत्येकात तूरडाळ आहे आणि कपड्यांची पावडरही. उरलेल्या पाचांत नुसती दुधाची पिशवी. तूरडाळ निम्म्या बिलांत, पावडर निम्म्या बिलांत. योगायोगाने दोन्ही अडीच बिलांत एकत्र हवीत, पण आहेत पाचांत. लिफ्ट २. म्हणून डाळीशेजारी साबणाची पावडर ठेवणार? पहिली पाच बिलं वेगळी काढून पाहिली तर दोन्ही सगळ्यांत आहेत आणि लिफ्ट १ होते. या जोडीत डाळीचा आणि पावडरीचा काही संबंध नव्हता. दोन्हींचा संबंध मोठ्या यादीशी होता. म्हणून मोठी आणि छोटी बिलं वेगळी मोजावीत. 'ग्रोसरीज'मध्येसुद्धा २,१५९ बिलांवर एकेकच वस्तू आहे. अशा बिलांत जोडी होऊच शकत नाही, तरी ती एकूण आकड्यात बसतात आणि बाकीच्या जोड्या फुगवतात.

सणाचंही तसंच. आषाढी एकादशीच्या किंवा नवरात्राच्या दिवसांतली बिलं वर्षभराच्या बिलांत मिसळली, तर साबुदाणा, भगर आणि शेंगदाणे बारा महिने एकत्र राहायला हवेत असा समज होईल. प्रत्यक्षात त्यांना उपवासापुरतं एक टेबल पुरतं, दरवाज्याजवळ, आणि पारणं झालं की उचललेलं बरं. आणखी एक गोष्ट: आज शेजारी असलेल्या वस्तू एकत्र विकल्या जातात, ते शेजारपणामुळेही असू शकतं. मद्य आणि बिअर बहुतेक दुकानांत आधीच एका रांगेत असतात. त्यांची पाचपट लिफ्ट ग्राहकाच्या आवडीची किती आणि जुन्या मांडणीची किती, हे बिल सांगत नाही.

ते कळायला एकच मार्ग आहे: काही शाखांत मांडणी बदलायची, तशाच दुसऱ्या शाखांत जुनीच ठेवायची आणि चार-सहा आठवड्यांनी दोन्हींची तुलना करायची. तुलना नुसत्या हलवलेल्या वस्तूच्या विक्रीची नको. जिला जागा देण्यासाठी दुसरी वस्तू सरकवली, तिची विक्री घटली का तेही पाहायचं, आणि शेवटी दुकानाच्या एकूण नफ्याचा आकडा. एकच दुकान असेल तर आधीचे सहा आठवडे आणि नंतरचे सहा आठवडे एवढंच हाती राहतं. त्यात सण, पाऊस आणि शेजारच्या दुकानाची सूट मिसळते, तेव्हा त्या निकालावर फार विसंबू नये.

या विषयाचं नाव काढलं की डायपर आणि बिअरची गोष्ट हमखास निघते: बाळाचे डायपर आणायला निघालेले बाप संध्याकाळी बिअरही उचलतात, हे संगणकाने शोधलं, दुकानाने दोन्ही शेजारी ठेवले आणि विक्री भरमसाट वाढली. गोष्टीचा उगम खरा आहे. १९९२ साली टेराडेटा कंपनीतल्या थॉमस ब्लिशॉक यांच्या गटाने अमेरिकेतल्या ऑस्को ड्रग या दुकानसाखळीच्या २५ दुकानांतली १२ लाख बिलं तपासली, आणि संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान ही जोडी दिसली. पुढचा भाग मात्र जोडलेला आहे. ऑस्कोने बिअर डायपरशेजारी हलवली नाही.