पुस्तक समजतं, पण पेपरात हात थांबतो

रात्री पावणेअकराला मेल आली होती. ‘नमस्कार मॅडम, मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे, वय 41. बारावीनंतर शिक्षण सुटलं, आता इग्नूतून अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करतोय. पहिलं पुस्तक दोनदा वाचून झालं. वाचताना सगळं समजतं. काल जुनी प्रश्नपत्रिका समोर घेतली आणि पहिल्या प्रश्नालाच हात थांबला. डिसेंबरच्या परीक्षेला दहा आठवडे आहेत. रोज रात्री एक तास आणि रविवारची सकाळ मिळते. तिसऱ्यांदा वाचू की नोट्स काढू?’

अभ्यासकेंद्रावर सुट्टीच्या दिवशी शिकवायला लागल्यापासून असं विचारणारे बरेच भेटले. बँकेतले, दवाखान्यातले, एसटीतले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा त्यांच्याच एका वाक्यात असतं, आणि इथे ते होतं ‘वाचताना सगळं समजतं’. मुक्त विद्यापीठाची पुस्तकं एकट्याने शिकणाऱ्यासाठी लिहिलेली असतात. प्रत्येक पायरी सांगितलेली, आकृती काढून दिलेली. त्यामुळे वाचताना कुठे अडत नाही. पेपरात मात्र समोर कोरा कागद असतो आणि तीच आकृती आपल्याला उभी करायची असते. दोनदा वाचलं तरी ती एकदाही काढलेली नसते.

म्हणून मी त्यांना उलट कळवलं, ‘तिसऱ्यांदा वाचू नका. पुस्तक मिटा. मागणीची किंमत लवचिकता यावर 20 गुणांचा प्रश्न आहे असं समजा, वेळ लावा, उत्तर लिहा आणि फोटो पाठवा.’ सोबत एक उदाहरणही दिलं. टोमॅटोचा भाव किलोला 20 रुपयांवरून 30 झाला आणि बाजारातली मागणी 500 किलोवरून 400 किलोवर आली. लवचिकता किती?

रविवारी फोटो आले. अक्षर सुंदर होतं, पण उत्तर तीन ठिकाणी घसरलं होतं.

पहिली चूक आकृतीत होती. त्यांनी भाव आडव्या अक्षावर घेतला होता. शाळेच्या गणितात ज्यामुळे बदल घडतो ती राशी आडव्या अक्षावर घेतात, त्या हिशेबाने त्यांचं बरोबरच होतं. पण अल्फ्रेड मार्शल यांनी 1890च्या आपल्या ग्रंथात किंमत उभ्या अक्षावर मांडली आणि तीच रीत आजही चालते. अर्थशास्त्राच्या पेपरात किंमत उभी, नग आडवे. अक्षांना नावं दिली नाहीत, तर तपासणाऱ्याला रेषा कशाची आहे हेच कळत नाही.

दुसरी चूक हिशेबात होती. भाव 20चा 30 झाला, म्हणजे वाढ 50 टक्के. मागणी 500ची 400 झाली, म्हणजे घट 20 टक्के. विसाला पन्नासाने भागलं की 0.4. मागणी आणि भाव उलट दिशेने जातात म्हणून या आकड्याला उणे चिन्ह असतं, पण तुलना करताना ते सोडून देतात. माझ्या विद्यार्थ्याने मात्र वाढ 30 रुपयांवर मोजली आणि घट 400 किलोवर, म्हणजे दोन्हीकडे शेवटचा आकडा पायाला धरला. उत्तर आलं 0.75. आकडा काही वेडावाकडा दिसत नाही, म्हणून अशी चूक लक्षातही येत नाही. टक्केवारी सुरुवातीच्या आकड्यावर काढायची. त्यातही भाव 30वरून 20वर उतरतोय असं धरलं, तर त्याच दोन बिंदूंमध्ये लवचिकता खरोखरच 0.75 येते. ही विसंगती टाळायला सरासरी पायाला धरण्याची पद्धत आहे. भावाची सरासरी 25, मागणीची 450, आणि उत्तर साधारण 0.56. प्रश्नात कोणती पद्धत मागितली आहे ते आधी बघायचं आणि आपण कोणती वापरली ते उत्तरात लिहायचं.

हिशेबाची दिशा तरी बरोबर आहे का, हे परीक्षेतच ताडून बघता येतं. ग्राहकांचा आधीचा एकूण खर्च 20 गुणिले 500, म्हणजे 10,000 रुपये. नंतरचा 30 गुणिले 400, म्हणजे 12,000. भाव वाढूनही खर्च वाढला, याचा अर्थ मागणी कमी लवचीक, म्हणून उत्तर एकापेक्षा कमीच यायला हवं. ते 2.5 आलं असेल, तर भागाकार उलटा झालेला आहे. या पडताळणीला अर्धा मिनिट लागतो. तीच उत्तरात दोन ओळींत मांडली, तर एकूण खर्च पद्धतीही सांगून होते.

तिसरी चूक मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली, कारण ती नोकरी करणाऱ्या माणसाचीच असते. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, ‘आमच्याकडे लग्नसराईत टोमॅटो महागतो तरी खप वाढतो, म्हणून मागणीचा नियम प्रत्यक्षात लागू पडत नाही.’ निरीक्षण शंभर टक्के खरं. अनुमान मात्र चुकलं. मागणीचा नियम ‘इतर परिस्थिती कायम असताना’ या अटीवर उभा आहे आणि लग्नसराईत ती परिस्थितीच बदललेली असते. लोक त्याच वक्रावर वर चढत नाहीत, सबंध वक्रच उजवीकडे सरकतो. मागणी आधी वाढली आणि तिच्यामुळे भाव चढला. आपल्या पुस्तकी मराठीत पहिल्याला मागणीचा विस्तार किंवा संकोच म्हणतात आणि दुसऱ्याला मागणीतील वृद्धी किंवा ऱ्हास. तेव्हा बाजारातला अनुभव लिहायचा, पण आधी स्वतःला विचारायचं, बदल भावातून सुरू झाला की दुसऱ्या कशातून? भावातून असेल तर त्याच वक्रावर बिंदू हलवा, नाहीतर नवा वक्र काढा.

दहा आठवड्यांचं वेळापत्रक या फोटोंवरून आपोआप ठरलं. रात्रीच्या तासात पहिली दहा मिनिटं कालची आकृती पुस्तक न बघता काढायची आणि मग ताडून बघायची. उरलेल्या वेळात पुढचा भाग. रविवारी जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक मोठा प्रश्न, तोही पेनाने. वर्षानुवर्षं कीबोर्डवर काम केलेल्या हाताला सलग तीन तास लिहिणं जड जातं. तिसऱ्या तासात अक्षर बिघडतं, उत्तरं आखडतात.

असाइनमेंटचंही त्यांनी विचारलं होतं. बहुतेक पेपरांना तिचा वाटा 30 टक्के आणि सत्रांत परीक्षेचा 70. दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं, त्यामुळे एकीचे जास्तीचे गुण दुसरीची खोट भरून काढत नाहीत. तयार उत्तरं उतरवून दिली, तर परीक्षेआधी लिहिण्याची जी एकमेव संधी मिळते तीच जाते.

अडचण भाषेचीही होती. त्यांनी इंग्रजी माध्यम घेतलं होतं, शाळा मराठीत झालेली. समजून मराठीतच घ्या, असं मी सांगितलं, पण व्याख्येचं वाक्य आणि आकृतीवरची नावं पहिल्या दिवसापासून इंग्रजीत लिहा. ‘इलॅस्टिक’ आणि ‘इनइलॅस्टिक’ यांत दोनच अक्षरांचा फरक आहे आणि घाईत तीच सुटतात. हिंदी माध्यम घेणाऱ्यांना तर लवचिकतेसाठी ‘लोच’ हा वेगळाच शब्द लक्षात ठेवावा लागतो.

पाचव्या रविवारी तोच प्रश्न त्यांनी पुन्हा लिहून पाठवला. किंमत उभ्या अक्षावर, उत्तर 0.4, खाली 10,000 आणि 12,000चा ताळा, शेवटी लग्नसराईचा उजवीकडे सरकलेला वक्र. कोपऱ्यात वेळ लिहिली होती, 52 मिनिटं. तीन तासांत 100 गुणांचा पेपर, त्यातली पंधरा मिनिटं वाचायला आणि तपासायला काढली, तर 20 गुणांना 33 मिनिटं येतात. मी एवढंच कळवलं, ‘उत्तर बरोबर आहे. प्रस्तावनेचं अर्धं पान काढून टाका, व्याख्येपासून सुरुवात करा आणि पुढच्या रविवारी परत वेळ लावा.’