सभा जिंकताना : भाग ७
प्रश्न टाका आणि थांबा

गेल्या आठवड्यात आपण माइकसमोर कसं उभं राहावं ते पाहिलं. आज त्यापुढची अडचण घेऊ. सहा-सातशे माणसांचं सभागृह भरलंय, सत्कार आणि प्रास्ताविक लांबलंय, मागच्या रांगांत गप्पा रंगल्यात आणि नेमकं तेव्हाच तुमचं नाव पुकारलं जातं.

अशा वेळी बहुतेक वक्ते आवाज चढवतात आणि तिथेच फसतात. आजूबाजूला गोंगाट वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज वाढवतो. फ्रेंच कानतज्ज्ञ एतियेन लाँबार यांनी ही गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवून ठेवली. तुमचा आवाज कर्ण्यातून मोठा झाला, की मागे बोलणारे एकमेकांना ऐकू जावं म्हणून आणखी जोरात बोलतात. ‘कृपया शांत राहा’ ही विनंती दोन मिनिटं टिकते, कारण ती ऐकणाऱ्याला विचार करायला काहीच देत नाही. याउलट एक नेमका प्रश्न विचारून तुम्ही गप्प झालात, तर बोलणाऱ्यांच्या आवाजावरचं पांघरूण निघतं. त्यांची कुजबुज त्यांनाच ऐकू येते, शेजारीही वळून पाहतात. त्याच वेळी बाकीचे मनातल्या मनात उत्तर शोधू लागलेले असतात.

सगळं अवलंबून असतं ते प्रश्नावर. समजा, तालुक्याच्या कॉलेजात एक डॉक्टर सर्पदंशावर बोलायला उभे आहेत. ‘सर्पदंश ही गंभीर समस्या आहे की नाही?’ असं विचारलं तर पोरं एका सुरात ‘हो’ म्हणून ओरडतील आणि गलका वाढेल. ‘साप चावल्यावर काय करावं?’ असं विचारलं तर दहा दिशांनी दहा उत्तरं येतील, कारण तो खरोखर माहिती विचारणारा प्रश्न आहे. तिसरा प्रश्न असा : ‘आज रात्री शेताला पाणी द्यायला जाणाऱ्या आपल्या वडिलांच्या पायात काय असेल?’ इथे प्रत्येकाचं उत्तर त्याच्या घरातलं आहे. ते ओरडून सांगण्यासारखं नाही, पण डोळ्यांसमोर आल्याशिवायही राहत नाही. शेवटचा शब्द खालच्या सुरात संपवावा. सूर वर गेला की लोकांना वाटतं, वक्ता उत्तर मागतोय.

मग थांबायचं. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमध्ये पाहिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात; तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. तो वर्गातला अनुभव झाला. मोठ्या सभागृहात शांतता पुढच्या रांगांकडून मागे सरकते, म्हणून मी पाच-सहा सेकंद धरतो. व्यासपीठावर उभं राहिल्यावर ते फार लांब वाटतात, म्हणून मनात सावकाश सहा अंक मोजावेत. या वेळात पाय हलवायचे नाहीत, कागदाकडे पाहायचं नाही, पाण्याचा ग्लास उचलायचा नाही. नजर मागच्या रांगेतल्या एखाद्या ऐकणाऱ्या माणसावर ठेवावी. बोलणाऱ्यांकडे रोखून पाहिलं तर तो दटावल्यासारखा प्रकार होतो.

शांतता बसली हे कसं ओळखायचं? पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागते, एखादा खोकला वेगळा उठून दिसतो, खाली झुकलेल्या माना वर येतात. लगेच पुढचं वाक्य घ्यायचं, तेही आधीपेक्षा हळू आवाजात : ‘बऱ्याच जणांच्या पायात साधी चप्पल असेल. काहींच्या पायात तीही नसेल. आणि घोणस चावते ती बहुतेक पायालाच.’ उत्तर असं लगेच जोडलं नाही, दुसरीच गोष्ट सुरू केली, तर श्रोत्यांना फसवल्यासारखं वाटतं. पुढच्या वेळी ते थांबत नाहीत.

घात बहुतेकदा वक्त्याच्या घाईमुळे होतो. दोन सेकंदांतच धीर सुटतो आणि तो प्रश्न पुन्हा विचारतो, किंवा ‘म्हणजे मला असं म्हणायचंय’ म्हणत स्वतःच मोकळी जागा भरून टाकतो. कुणी खरंच ओरडून उत्तर दिलं तर त्याच्याकडे मान डोलवावी, पण मौन सोडू नये. हा उपाय एका भाषणात एकदाच, फार तर दोनदा करावा. तिसऱ्यांदा तो श्रोत्यांच्या लक्षात येतो.

काही ठिकाणी मात्र तो चालतच नाही. मागचे स्पीकर बंद असतील, तर शेवटच्या रांगांना प्रश्नच पोचलेला नसतो. दारात जेवणाच्या कुपनांची रांग लागली असेल, तर कितीही थांबलात तरी उपयोग नाही. आधी कारण दूर करा, मग बोला.

पुढच्या भाषणाआधी तुमचा प्रश्न एका ओळीत लिहून काढा आणि घरच्या दोघांना विचारून पाहा. त्यांनी चटकन तोंडी उत्तर दिलं, तर तो बदला. क्षणभर गप्प झाले, तर तो सभेला न्या.