एचआरने सांगितलेली तारीख उलटून गेली? असा पाठवा मेल

समजा, मंगळवारी ४ तारखेला तुमचा इंटरव्ह्यू झाला. एचआर मॅडम म्हणाल्या, "१४ तारखेपर्यंत कळवतो." आज सोमवार, १७ तारीख, आणि अजून काहीच नाही. मेल टाकायचा का? टाकायचा, पण आज नको.

आधी आपला इनबॉक्स नीट बघा. उत्तर कधी कधी स्पॅममध्ये पडलेलं असतं, आणि जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी पुसून टाकतं. जीमेलच्या सर्चमध्ये `in:anywhere` लिहून पुढे कंपनीचं नाव टाका. मग स्पॅम आणि ट्रॅशसुद्धा शोधलं जातं. अनोळखी नंबरचे मिस्ड कॉलही एकदा पाहून घ्या.

तिथेही काही नसेल तर मंगळवारी सकाळी मेल करा. तारखेनंतर कामाचे एक-दोन दिवस सोडले की घाई वाटत नाही. रात्री लिहिला असेल तर Send ऐवजी तीन टिंबांच्या मेनूतलं Schedule send वापरा आणि सकाळी दहाची वेळ लावा.

नवीन मेल उघडू नका. इंटरव्ह्यूचं बोलावणं ज्या मेलवर आलं होतं, त्यालाच Reply करा. एचआरकडे एकाच वेळी कितीतरी उमेदवार असतात. जुना मेल खाली दिसला की तुम्ही कोण, कुठल्या जागेसाठी, हे त्यांना शोधावं लागत नाही. मजकूर एवढाच:

"नमस्कार मॅडम, ४ तारखेला अकाउंट्स असिस्टंट या पदासाठी माझा इंटरव्ह्यू झाला होता. निर्णय १४ तारखेपर्यंत कळेल असं आपण सांगितलं होतं. त्याबद्दल काही ठरलं आहे का? अजून वेळ लागणार असेल तर साधारण कधी विचारू, तेवढं कळवावं. या कामात मला अजूनही रस आहे."

आधीचा पत्रव्यवहार इंग्रजीत असेल तर हेच इंग्रजीत लिहा. "तुम्ही १४ ला कळवणार होता, अजून कळवलं नाही" हे खरं असलं तरी लिहू नका. तारीख नुसती सांगितली की समोरच्याला बरोबर कळतं. शिवाय उशीर बऱ्याचदा त्यांच्या हातात नसतो: वरच्या साहेबांची मंजुरी अडलेली असते, किंवा पहिल्या पसंतीच्या उमेदवाराचा होकार यायचा असतो आणि तुम्हाला राखीव ठेवलेलं असतं. हे दुसरं कारण ते तुम्हाला सांगणार नाहीत.

आता खरी अडचण. दुसरीकडून ऑफर आली आहे आणि २१ तारखेपर्यंत होकार द्यायचाय. मग एक वाक्य वाढवा: "मला दुसऱ्या एका ठिकाणी २१ तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे, त्याआधी कळलं तर बरं होईल." पण ऑफर खरोखर असेल तरच. थाप मारली आणि ते "मग ती घ्या" म्हणाले, तर दोन्हीकडून गेलात.

व्हॉट्सॲपवर त्यांनी स्वतः आधी मेसेज केला असेल तरच तिथे विचारा. निळ्या टिक आल्या म्हणून लगेच "???" नको. मेलला आठवडाभर उत्तर नाही आलं तर त्याच मेलवर आणखी एकदा, दोन ओळींत विचारा. तिसरा मेल नको. २१ तारीख आलीच, तर हातातली ऑफर या गप्प बसलेल्या कंपनीसाठी सोडू नका.