सीईटीचे ८५ म्हणजे ८५ टक्के नव्हेत

भगिनींनो, बारावीनंतर मुलीला इंजिनिअरिंगला किंवा फार्मसीला घालायचं म्हटलं की एमएचटी-सीईटी ही परीक्षा येते. तिचा निकाल हातात पडतो तेव्हा त्यावर टक्के नसतात, पर्सेंटाईल असतात. जांब समर्थच्या आपल्या गटांतल्या बऱ्याच घरी आता हा कागद येतो. कुणी ८५ बघून पेढे वाटतं, कुणी ४५ बघून पोरीला नापास समजतं. दोन्हीकडे समज चुकीचा आहे.

टक्के म्हणजे पेपरातले किती गुण मिळाले. बारावीला ६०० पैकी ४२० मिळाले तर ७० टक्के. दुसऱ्या मुलांना किती मिळाले याचा त्याच्याशी काही संबंध नाही. पर्सेंटाईल मात्र रांगेतली जागा सांगतो. ८५ पर्सेंटाईल म्हणजे शंभर मुलं गुणांप्रमाणे उभी केली, तर ८५ जण आपल्या मुलीइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुणांचे आहेत (ती स्वतः त्यातच धरलेली), आणि १५ जण तिच्या पुढं आहेत. तिला गुण किती पडले हे यावरून कळत नाही.

असं का करतात? सीईटी संगणकावर होते. सगळी मुलं एका दिवशी बसू शकत नाहीत, म्हणून ती बरेच दिवस सकाळ-दुपार अशा सत्रांत चालते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. एखादा अवघड निघतो, एखादा सोपा. गुणच धरले तर अवघड पेपरवाल्या पोरांवर अन्याय होईल. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या सत्रातल्या मुलांशीच करतात.

हिशेब करून बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. सकाळच्या सत्रात २०,००० मुलं बसली, पेपर अवघड होता. एका मुलीला २०० पैकी ८६ गुण, म्हणजे ४३ टक्के. ८६ किंवा त्याहून कमी गुण मिळालेली मुलं निघाली १७,०००. आता १७,००० ला २०,००० नं भागायचं आणि शंभरानं गुणायचं. आले ८५ पर्सेंटाईल. दुपारच्या सत्रात १८,००० मुलं, पेपर सोपा. तिथल्या मुलीला १०० गुण, म्हणजे ५० टक्के, आणि तिच्याइतके किंवा कमी गुण असलेली मुलं १५,३००. भागून बघा, तिचेही ८५ च येतात. गुणांत १४ चा फरक, पण जागा एकच.

प्रत्येक सत्रातल्या पहिल्या मुलाला १०० पर्सेंटाईल मिळतात. त्याला पैकीच्या पैकी गुण असतील असं नाही.

निकालावर विषयांचे पर्सेंटाईल वेगळे आणि एकूण वेगळा छापलेला असतो. तीन विषयांचे मिळवून तिनानं भागलं तर एकूण आकडा जुळत नाही, आणि मग घरात ‘निकाल चुकला’ म्हणून घोर लागतो. तो जुळणारच नाही. एकूण पर्सेंटाईल एकूण गुणांवरून नव्यानं काढतात. त्यात गणिताचे १०० गुण, भौतिक आणि रसायनचे पन्नास-पन्नास. प्रवेशाला हा एकूण आकडाच बघतात.

आता पेढ्यांचं. राज्यात तीन लाख मुलं बसली असं धरलं तर ८५ पर्सेंटाईलवालीच्या पुढं साधारण ४५,००० मुलं असतात. ९८ आणि ९९ मधला एक पर्सेंटाईलसुद्धा तीन हजार मुलांचा. म्हणून दशांशानंतरचे आकडेही सोडू नका, मोठ्या कॉलेजच्या जागा तिथंच ठरतात. आणि ४५ वाली मुलगी नापास नाही. पर्सेंटाईलमध्ये पास-नापास नसतंच. तिला कोणतं कॉलेज मिळेल, एवढाच प्रश्न.

बारावीचे टक्के मात्र फेकून देऊ नका. इंजिनिअरिंगला अर्ज करायला बारावीच्या ठरलेल्या विषयांत खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात. तिथं टक्क्यांनी दार उघडतं, आत नंबर सीईटीच्या पर्सेंटाईलनं लागतो.

कॉलेज बघताना सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरची मागच्या वर्षीची कटऑफ यादी नेट कॅफेत काढून घ्या. यादीत वर गुणवत्ता क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाईल असतो. आपण कंसातला आकडा धरायचा, कारण मुलांची संख्या दरवर्षी बदलते तसा क्रमांकही हलतो. मुलींच्या राखीव जागांचे रकाने ‘L’ अक्षरानं सुरू होतात, जसं LOPEN किंवा LOBC. आपल्या प्रवर्गाचा तो रकाना शोधा. पुष्कळ जण फक्त G चा रकाना बघून ‘आपल्याला हे कॉलेज लागत नाही’ म्हणतात आणि यादीतून नाव काढून टाकतात. L चा कटऑफ बऱ्याचदा थोडा खाली असतो. मुलीच्या आकड्याच्या थोडी वरची कॉलेजंही पसंतीच्या यादीत आधी लिहा, मग बरोबरीची, मग खालची. एखादा दलाल ‘एवढ्या पर्सेंटाईलला सरकारी कॉलेज लागत नाही, आमच्याकडं पैसे भरा’ म्हणाला, तर आधी ही यादी त्याच्यापुढं ठेवा.